परिशिष्ट अ कोरं का आहे?

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांना फक्त शाल-श्रीफळाचे फोटो बघायचे आहेत त्यांनी विद्यापीठाच्या पेजवर जावं, तिथे भरपूर आहेत.

गेल्या आठवड्यात आपल्या विद्यापीठाच्या एका विभागाने आणि आपल्याकडच्या महानुभाव मठाने पोथ्यांच्या डिजिटायझेशनचा सामंजस्य करार केला. नावं घेत नाही, गावातल्यांना सांगायची गरज नाही. बातमीत 'ऐतिहासिक पाऊल' असं आलं. कराराची प्रत मला वाचायला मिळाली. पाच पानं, सगळी इंग्रजीत. ज्या बाबांची त्यावर सही आहे त्यांना एका तरी माणसाने तो मराठीत समजावून सांगितला का, हा माझा पहिला प्रश्न. पण तो बाजूला ठेवू.

शेवटच्या पानावर आहे 'परिशिष्ट अ : हस्तलिखितांची यादी'. त्याखाली एक ओळ: यादी नंतर जोडण्यात येईल.

म्हणजे कशाचा करार झाला हेच करारात नाही! घर विकताना सात-बारा नंतर जोडू म्हटलं तर तुम्ही सही कराल का?

कुणी म्हणेल, एवढं काय, यादी होईल हळूहळू. होणार नाही. का होणार नाही ते सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

या दोन संस्थांचा संग्रह 'सामायिक' आहे असं करारात म्हटलंय. तो सामायिक कसा झाला हे जुन्या लोकांना माहीत आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी विभागातले एक प्राध्यापक मठात जायचे, बसून वाचायचे. तेव्हाच्या महंतांचा त्यांच्यावर विश्वास. त्यांनी पोथ्या विभागात अभ्यासासाठी न्यायला दिल्या. सरांनी प्रत्येक वेळी पावती दिली आणि वहीत नोंद केली: तारीख, पोथीचं नाव, पानं किती, 'परत'. मी विद्यार्थी असताना ती वही स्वतः पाहिली आहे. 'परत' या रकान्यात सुरुवातीला तारखा आहेत, मग तुरळक, मग कोरा. सर निवृत्त झाले, पोथ्या कपाटात राहिल्या, आणि पुढे कुणीतरी त्यांच्यावर विभागाचा गोल शिक्का आणि दाखल क्रमांक मारला. एका शिक्क्याने उसनी पोथी मालकीची झाली.

यात सरांचा लोभ होता असं मी म्हणणार नाही. त्या पोथ्या विभागात होत्या म्हणून त्या पावसाळ्यांत वाचल्या, मठाचं छत गळत होतं हेही खरं. पण छत गळत होतं म्हणून मालक बदलत नाही.

आता एक पोथी घ्या. 148 पानांची, साधारण बारा इंच बाय पाच इंच, सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, रुमालात बांधलेली. त्यातली 1 ते 61 ही पानं विभागात आहेत आणि 62 ते 148 मठात. सरांना सुरुवातीचा भाग हवा होता, तेवढाच त्यांनी नेला. करारानुसार 'प्रत्येक पक्ष आपापल्या ताब्यातील हस्तलिखितांचे स्कॅनिंग करून घेईल'. मग विभागाच्या यादीत ही '61 पानांची अपूर्ण पोथी, शेवट नाही' म्हणून जाईल. मठाच्या यादीत '87 पानांची अपूर्ण पोथी, सुरुवात नाही'. कुणी कधी लिहिली, कुठे लिहिली, शक कोणता, हा मजकूर शेवटच्या पानावर असतो. तो मठाकडे. ग्रंथाचं नाव आणि सुरुवातीचं वंदन विभागाकडे. एका पोथीच्या दोन अपूर्ण पोथ्या होतील, आणि संगणकात तसं एकदा गेलं की पुढची पन्नास वर्षं अभ्यासक दोन वेगळ्या प्रती म्हणून त्यांचे पाठभेद लिहीत बसतील.

यादी नीट करायची तर दोन्ही तुकडे एका ओळीत लिहावे लागतात. आणि ते लिहिताना विचारावं लागतं की पहिली 61 पानं विभागात आली कशी. म्हणून परिशिष्ट कोरं आहे. विसरून राहिलेलं नाही.

हा प्रश्न आपल्याच गावाला पडलाय असं नाही. इजिप्तमधल्या सिनाई डोंगराच्या पायथ्याशी सेंट कॅथरिनचा मठ आहे. तिथली चौथ्या शतकातली ग्रीक बायबलची एक पोथी, कोडेक्स सायनायटिकस, जगप्रसिद्ध आहे. टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन पंडिताने 1844 मध्ये तिची 43 पानं नेली, ती लाइपझिग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. 1859 मध्ये त्याने आणखी मोठा भाग रशियाला नेला, आणि नेताना मठाला लेखी दिलं की मागाल तेव्हा परत करू. पुढे 1933 मध्ये सोव्हिएत सरकारने तो भाग एक लाख पौंडांना इंग्लंडला विकला. पावती मठातच. पुढे 1975 मध्ये मठातच आणखी काही पानं आणि तुकडे सापडले.

तरीही 2005 मध्ये मठ, लाइपझिगचं विद्यापीठ ग्रंथालय, ब्रिटिश लायब्ररी आणि रशियाचं राष्ट्रीय ग्रंथालय यांनी एकत्र करार केला. पानं जिथे होती तिथेच राहिली. पण कोणती पानं कुणाकडे हे लिहिलं गेलं, चौघांच्या पानांचे फोटो क्रमाने लावून 2009 मध्ये पोथी इंटरनेटवर एकसंध वाचायला मिळाली, आणि पानं मठाबाहेर गेली कशी याचा शोध घेणं हाही त्या कामाचाच भाग धरला गेला. भांडण मिटलं असं नाही. पण भांडण आहे हे मान्य करून काम झालं. आपल्याकडे एका वहीतला रकाना उघडायची भीती वाटते.

आता दुसरं कलम. 'डिजिटल सामग्रीची मालकी संयुक्त राहील.' ऐकायला किती गोड! संयुक्त मालकी म्हणजे दोघांच्या होकाराशिवाय पान हलणार नाही. एखाद्या पोरीला पीएचडीसाठी चार पानं छापायची असतील तर तिला दोन सह्या आणाव्या लागतील, एक विभागप्रमुखाची, एक महंतांची. करार तीन वर्षांचा आहे. त्यानंतर फाइली कुणाकडे, कोणत्या स्वरूपात, याबद्दल एक अक्षर नाही. तोवर त्या असतील स्कॅनिंगवाल्या ठेकेदाराच्या डिस्कवर, आणि दोन्ही पक्षांना मिळतील पीडीएफ.

पीडीएफचं सांगतो, कारण इथेच लोक फसतात. त्या 148 पानांच्या दोन्ही बाजू म्हणजे 296 फोटो. बारा बाय पाच इंचाचं पान इंचाला 400 बिंदू या हिशोबाने रंगीत काढलं आणि दाबून लहान न करता ठेवलं तर एक फोटो सुमारे 29 एमबीचा. पूर्ण पोथी साडेआठ जीबी. ठेकेदार देतो ती पीडीएफ व्हॉट्सअॅपवर सहज जाईल एवढी. वाचायला ती पुरते, जतन करायला नाही.

फरक कुठे कळतो? हरताळात. जुना लेखनिक चूक झाली की त्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासायचा आणि वर नवीन लिहायचा. 'हरताळ फासणे' आपण बोलताना वापरतो ते तिथून आलंय. मूळ रंगीत फोटोत पिवळा पट्टा स्पष्ट दिसतो, मोठं करून पाहिलं तर खालची शाईही कधीकधी लागते. कागद 'पांढराशुभ्र' करून काढलेल्या पीडीएफमध्ये तो पट्टा नाहीसाच होतो. लेखनिकाने काय खोडलं आणि काय बदललं, हा सगळा पुरावा गेला. नमुन्याची पीडीएफ मागा आणि हरताळ दिसतो का बघा. एवढी एक परीक्षा पुरे आहे.

आणि जागेचं कारण कुणी देऊ नये. दोन्हीकडच्या मिळून पाचशे पोथ्या, सरासरी शंभर पानं धरली तरी एक लाख फोटो, म्हणजे तीन टीबीच्या आत. खिशात मावणाऱ्या एका डिस्कवर बसतं. एक विभागात, एक मठात, एक तिसऱ्या गावी, अशा तीन डिस्क घेतल्या तरी त्या दिवशीच्या जेवणावळीपेक्षा स्वस्त पडल्या असत्या.

आता मठाच्या बाजूचं. बाबांना मी दंडवत करून भेटलो. ते एकच म्हणाले, "आमच्या काही पोथ्या अनुसरण घेतलेल्यांसाठीच आहेत, त्या उद्या मोबाईलवर फिरल्या तर?" विभागातले हसतात याला. हसू नये. या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये ठेवले ते उगाच नाही. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा कुठे बाहेरच्यांना हे साहित्य वाचता आलं. आणि वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1978 मध्ये काढलं, तेव्हा त्यातल्या काही लीळांवरून पंथातून केवढा आक्षेप आला हे विदर्भात कुणाला सांगायला नको.

माझं मत बाबांपेक्षा वेगळं आहे. सातशे वर्षांपूर्वीचं मराठी गद्य हे सगळ्या मराठी माणसांचं आहे, ते कायमचं कुलुपात राहू नये. पण हे मत त्यांच्या तोंडावर सांगायचं असतं, इंग्रजी कलमात लपवायचं नसतं. पोथीवार ठरवता येतं: ही सगळ्यांना खुली, ही विभागात बसून बघायची, ही वीस वर्षं बंद, मग पुन्हा विचार. फक्त त्यासाठी पोथ्यांची यादी लागते. आली ना गाडी परत परिशिष्टावर?

घाई कशाची आहे तेही कळतं. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञानभारतम मोहीम जाहीर झाली, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांची नोंद करायची आहे. पैसा येणार, त्याच्या प्रस्तावाला करार जोडावा लागणार. या, पैसे आणा, माझा विरोध नाही. पण ठेकेदाराला फोटोमागे पैसे असतील तर तो फोटो मोजेल, पानं लावणार नाही. सकळ लिपी न वाचता येणारा मुलगा पान उलटं ठेवेल तरी त्याला कळणार नाही, आणि पानाचा आकडा बहुधा मागच्या बाजूच्या समासात असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल. मठात ती लिपी धडाधड वाचणारे दोन वृद्ध बाबा अजून आहेत. करारात त्यांना काम नाही, मानधन नाही. व्यासपीठावर मात्र पहिल्या रांगेत बसवलं होतं.

पुढच्या महिन्यात हा करार व्यवस्थापन परिषदेपुढे येतोय. सरांच्या त्या वहीच्या पहिल्या चाळीस पानांची झेरॉक्स माझ्याकडे आहे, त्या काळी अभ्यासासाठी काढली होती. विभागाने मूळ वही काढावी, मठाने आपल्या पावत्या काढाव्यात, दोन्ही टेबलावर ठेवून परिशिष्ट अ भरावं. बसायला मी येतो, फुकट येतो. मूळ वही 'सापडत नाही' असं उत्तर आलं, तर झेरॉक्स याच भिंतीवर टाकीन, पान एक ते चाळीस, क्रमाने.