"मावशी, बाळासाठी एखादं छानसं नाव सुचवा ना!"

वरचा निरोप आला तो आमच्या नात्यातल्या एका सुनेचा, चंद्रपूरहून. नावाचा विषय म्हटला की माझा हात लगेच वहीकडे जातो. अर्ध्या तासात मी वीस नावं काढून पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, आवाज अगदी बारीक. यादीतलं पहिलंच नाव तिच्या सासूबाईंच्या दोन महिन्यांत गेलेल्या लेकीचं होतं. सासूबाईंनी ते वाचलं आणि उठून आत गेल्या.

वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली बाई मी. चार रकाने रिकामे असताना बेरीज करायला बसलेच कशी? मुलगा की मुलगी, अक्षर कुठलं, घरची रीत काय आणि अर्थ हवा की नुसतं कानाला गोड हवं, यातलं एकही मी विचारलं नव्हतं. माझं मत असं, की उलट विचारल्याशिवाय नाव सुचवूच नये.

यातले दोन रकाने जन्माआधी भरताच येत नाहीत. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून आधी नाव मागणाऱ्यांनी दोन्हीकडची नावं मागावीत. तसं तर नावावरून सगळं कळतंच असंही नाही. आपले एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ श्वेतांबर परंपरेत स्त्री, तर दिगंबर परंपरेत पुरुष!

अक्षराचंही तसंच. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो आणि नक्षत्राचे चरण चार, म्हणजे एक चरण जेमतेम सहा तासांचा. चित्रा नक्षत्राची अक्षरं पे, पो, रा, री. बाळंतपण दुपारचं रात्रीवर गेलं की "रा"चं "री" होतं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवरून अक्षर धरून बसणाऱ्यांची मला गंमत वाटते. आणि हस्ताच्या तिसऱ्या चरणाला तर "ण" येतो. आता "ण"वरून काय ठेवणार? लोक शेजारच्या चरणाचं अक्षर घेतात, नाहीतर राशीचं नाव पत्रिकेत ठेवून हाक मारायला दुसरंच निवडतात. म्हणून विचारायचं ते हे, की अक्षर पत्रिकेपुरतं पाळणार की शाळेच्या दाखल्यावरही?

घरची रीत मात्र आधीच विचारता येते, आणि तीच मी विसरले. काही घरी आजोबांचं नाव नातवाला देतात. मग सून सासऱ्यांचं नाव घेत नाही, आणि पोर जन्मभर "बाळू" राहतं. काही घरी गेलेल्या माणसाचं नाव मुद्दाम ठेवतात, काही घरी ते कोणी उच्चारतही नाही. इथे अहेरीत आमच्या तेलुगू शेजाऱ्यांकडे घराण्याचं नाव आधी येतं, बाळाचं नंतर. आपल्याकडे १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. तेव्हा निवडलेलं नाव आईच्या नावाला लागून एकदा मोठ्याने म्हणून बघा.

अर्थाबद्दल माझा हट्ट आहे. कल्पसूत्रात भगवान महावीर गर्भात आल्यापासून घरचं धनधान्य वाढू लागलं, म्हणून आईवडिलांनी जन्माआधीच "वर्धमान" हे नाव ठरवलं. तिथे आधी कारण होतं, मग नाव आलं. आजकालच्या याद्यांत "रियांश"चा अर्थ सूर्यकिरण असा देतात. माझ्या संस्कृत कोशात तो शब्दच मला सापडला नाही. नाद आवडला म्हणून ठेवलं तर माझी ना नाही, पण मग अर्थ विचारणाऱ्याला तसंच सांगावं.

तर पुढे काय झालं? मी सासूबाईंनाच फोन केला, माफी मागितली आणि घरात कुठली नावं घ्यायची नाहीत ते विचारून घेतलं. त्यांनी तीन नावं सांगितली. बाळ आलं चित्राच्या चौथ्या चरणात, अक्षर "री". मी दोनच नावं लिहून ठेवली होती, मुलासाठी ऋषभ आणि मुलीसाठी ऋद्धी. आई-आजी दोघींना अर्थ हवाच होता, आणि ऋद्धी म्हणजे समृद्धी. मुलगी झाली. पण मराठीत आपण "ऋ" रु असा म्हणतो, मारवाडीत रि. अक्षर पाळायचं तर रिद्धी, मराठी शाळेत गेली की रुद्धी! हे इंग्रजी स्पेलिंगपर्यंत जातं, आर नंतर आय की यू. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा आहे, त्यामुळे ही चूक पुढे निस्तरणं जड जातं. घाई मात्र नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, पण नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो आणि वर्षभरात विनाशुल्क भरता येतो.

त्यांनी तेच केलं आहे. पाळण्यात रिद्धी म्हणतात, आजी चिमणी म्हणते, आणि आय की यू यावर बाप-आत्याचं अजून ठरायचं आहे.