BRN म्हणजे बहरीन की ब्रुनेई?

कोकणातल्या कितीतरी घरांतले मुलगे, जावई आखाती देशांत नोकरीला आहेत. त्यांच्याकडून येणाऱ्या फोटोंत एखाद्या गाडीच्या मागे पांढऱ्या लंबगोलात काळी अक्षरे दिसतात: BRN. गाडी बहरीनची. साहजिकच आपण समजतो की बहरीनचे लघुरूप BRN, आणि पुढे एखाद्या अर्जात तेच लिहून बसतो. तिथे त्या अक्षरांचा अर्थ होतो ब्रुनेई!

असे का होते? देशांच्या अक्षरांच्या याद्या वेगवेगळ्या आहेत. लंबगोलातली अक्षरे फक्त गाडीसाठी. 1949 च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारात ती एक ते तीन असावीत असे ठरले. म्हणून जर्मनीला नुसता D आणि कतारला Q पुरतो.

दुसरी यादी दोन अक्षरांची. बहरीनच्या संकेतस्थळांच्या शेवटी .bh असते आणि तिथल्या बँकेचा आयबॅन क्रमांकही BH पासून सुरू होतो. आपल्याकडे 2021 पासून नंबरप्लेटवर BH मालिका आली आहे. तिथे मात्र BH म्हणजे भारत.

तिसरी यादी पासपोर्टची, तीन अक्षरांची. तिच्यात बहरीन BHR आहे आणि BRN ब्रुनेईकडे गेले आहे. गाड्यांच्या यादीत ब्रुनेईला BRU आहे.

आपली फसगत होण्याचे एक कारण आपल्या घरातच आहे. भारताची गाडीवरची खूण IND, पासपोर्टवरही IND. त्यामुळे सगळ्याच देशांचे असे असेल असे वाटते. सौदी अरेबियाचे बघा: गाडीवर KSA, संकेतस्थळाला .sa, पासपोर्टवर SAU. अमिरातीचे गाडीवर UAE, संकेतस्थळाला .ae, पासपोर्टवर ARE. आणि SA पाहून कोणी दक्षिण आफ्रिका समजू नये. तिचे ZA आहे.

आता समजा, बहरीनमधल्या भावाच्या खात्यात पैसे पाठवायचे आहेत. त्याने दिलेल्या आयबॅनची सुरुवात BH ने झाली पाहिजे आणि एकूण अक्षरे-आकडे 22 भरले पाहिजेत. BRN ने सुरू होणारा क्रमांक आला, तर तो चुकला आहे असे समजून पुन्हा मागवावा. सौदीचा आयबॅन SA ने सुरू होतो आणि 24 चा असतो. अमिरातीचा AE ने आणि 23 चा.

व्हिसाच्या अर्जात तीन अक्षरे मागितली, तर आठवणीवर किंवा गाडीच्या फोटोवर विसंबू नये. ज्याचा अर्ज आहे त्याचा पासपोर्ट उघडावा. फोटोच्या पानावर देशाचा कोड छापलेला असतो. तोच जसाच्या तसा उतरवावा. यादीतून देश निवडायचा असेल, तर अक्षरांपुढचे पूर्ण नाव वाचूनच बोट ठेवावे. लंबगोलातली अक्षरे गाडीच्या मागेच शोभतात.