तारे डाळीचे असतात, पानाचे नव्हे

मार्चअखेर आली की अकोल्याच्या डाळवाल्यांना हिशेबासोबत ऑनलाइन दुकानाचीही साफसफाई सुचते. ज्या लिस्टिंगवर ऑर्डर नाही ती पुसायची, तोच माल नव्या फोटोसह पुन्हा चढवायचा आणि जुने दोन-तीन ताऱ्यांचे शेरे मागे सोडायचे, असा बेत असतो. राजेहो, हा बेत बहुतेक वेळा फसतो. का ते अॅमेझॉनच्या उदाहरणाने पाहू.

ग्राहकाचा शेरा विक्रेत्याच्या नोंदीला चिकटत नाही, तो त्या वस्तूच्या पानाला चिकटतो. प्रत्येक पानाला ASIN नावाचा क्रमांक असतो आणि पाकिटावरचा बारकोड त्याला जोडलेला असतो. तुम्ही ‘डिलीट’ केलं तर तुमची विक्रीची नोंद जाते, पान कॅटलॉगमध्ये राहू शकतं. तोच बारकोड घालून पुन्हा माल चढवला की यंत्रणा तुम्हाला त्याच पानावर, त्याच शेऱ्यांपाशी आणून सोडते. मग कुणी बारकोड बदलून त्याच डाळीचं दुसरं पान काढतो. ते दुबार पान ठरतं. असं करणं नियमाबाहेर आहे आणि पकडलं गेलं तर लिस्टिंग बंद होऊ शकते.

आता एक हिशेब करू. समजा एका डाळ मिलची तूरडाळ ५०० ग्रॅम, १ किलो, २ किलो आणि ५ किलो अशा चार स्वतंत्र पानांवर आहे. १ किलोला १४० शेरे आणि सरासरी ४.२ तारे. ५०० ग्रॅमला ९ शेरे आणि सरासरी ३.१. डाळ तीच, फक्त वजन वेगळं, म्हणून चारही पानं एका कुटुंबात जोडणं रास्त आहे. साध्या सरासरीने या दोन पाकिटांचे मिळून ४.१ होतात, म्हणजे नुकसान नगण्य वाटतं. (अॅमेझॉनचे तारे साध्या सरासरीने निघत नाहीत, ताज्या आणि खात्रीशीर खरेदीच्या शेऱ्यांना जास्त वजन मिळतं.) पण ते नऊ शेरे आधी वाचा. ‘पाकीट फाटून आलं’ असं त्यातल्या सहांत असेल, तर ५ किलो घेणाऱ्यालाही तेच वाचायला मिळेल. आधी पाकीट जाड करा, मग जोडा. एवढं खरं, की कुटुंबात जोडलेलं पाकीट पुढे वेगळं काढता येतं आणि त्याचे शेरे त्याच्याबरोबर जातात. दुबार पानं कायमची एक केली, तर ती पुन्हा वेगळी करणं कठीण.

तूर, मूग आणि उडीद एकाच कुटुंबात कोंबून तुरीचे तारे उडदाला लावायचे, हे मात्र वेगळं प्रकरण. अमेरिकेत व्हिटॅमिन विकणाऱ्या बाउंटिफुल कंपनीने नवी उत्पादनं गाजलेल्या उत्पादनांना जोडून त्यांचे शेरे उसने घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने तिच्याकडून सहा लाख डॉलर वसूल करण्याचं जाहीर केलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाइन शेऱ्यांसाठीचं IS 19000 हे मानक २०२२ मध्ये ऐच्छिक म्हणून आलं.

नवं पान खरोखर कधी लागतं? डाळ बदलली तेव्हा. तेल-पाणी लावून पॉलिश केलेली डाळ सोडून बिनपॉलिशची भरायला लागलात, तर जुन्या पानाचं नाव बदलून भागवू नका. शिजण्याबद्दलचे जुने शेरे नव्या डाळीला लागू नाहीत. चांगले शेरेही गमवावे लागतील. ती किंमत मोजायलाच हवी.

मुळात ‘कमजोर’ कुणाला म्हणायचं, यातच घाई होते. वऱ्हाडात वर्षभराची डाळ उन्हाळ्यात भरली जाते, म्हणून ऑगस्टचा आकडा एप्रिलशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तो मागच्या ऑगस्टशी ताडा. मग पान किती जणांनी उघडलं ते बघा. कुणी उघडतच नसेल तर दोष नावात, शोधशब्दांत किंवा पहिल्या फोटोत. पुष्कळ जण उघडून परत जात असतील तर दोष भावात, उरलेल्या फोटोंत किंवा शेऱ्यांत. आणि ऑर्डर येऊनही हाती काही उरत नसेल, तर कुरिअरचं बिल काढा. ५०० ग्रॅम डाळ पाकिटासह ५०० ग्रॅमच्या वर जाते आणि भाडं पुढच्या वजनटप्प्याचं लागतं. माझ्या मते या उदाहरणातलं अर्ध्या किलोचं पाकीट ताऱ्यांमुळे नव्हे, या भाड्यामुळे बंद करावं.

बंद करतानाही आधी जाहिरात थांबवा, साठा शून्य करा, परत येणारी पाकिटं येऊ द्या आणि मग ‘क्लोज’ करा, ‘डिलीट’ नको. शेरे तिथेच राहतात. विक्रीचा क्रमांक मात्र राहत नाही, कारण तो ताज्या विक्रीवर चालतो. दोन महिन्यांनी परत उघडलंत तर तारे तेच दिसतील, पण शोधात वर यायला सुरुवातीला पुन्हा जाहिरातीचा खर्च करावा लागेल.