कबड्डी मंडळांना आणि पालकांना आवाहन : तोंडात टिकेल असेच माउथगार्ड घ्या



मी दंतवैद्य आहे आणि बरीच वर्षे संध्याकाळी आमच्या भागातल्या एका मंडळाच्या मॅटजवळ बसतो. गेल्या हंगामात तिथला पंधरा वर्षांचा उजवा कोपरारक्षक घोटा धरायला खाली झेपावला आणि त्याच वेळी चढाईपटूचा गुडघा वर आला. तो नेमका हनुवटीखाली बसला. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी एक निम्मा तुटला, दुसरा टाळूकडे ढकलला गेला. हनुवटी फाटली होती, पण मला जास्त काळजी वाटली ती त्याच्या डाव्या कानापुढच्या दुखण्याची, कारण त्याला तोंड दोन बोटांइतकेही उघडता येत नव्हते. एक्स-रेत जबड्याच्या सांध्याची मान मोडलेली दिसली. हनुवटीवरचा मार हाडातून मागे जातो आणि अनेकदा तिथेच हाड मोडते. ढकललेला दात जागेवर आणून आम्ही चार आठवडे तारेने बांधून ठेवला, नंतर त्याचे रूट कॅनाल झाले, आणि जबड्यासाठी मुलाने कित्येक दिवस पेज आणि मऊ भातावर काढले.

त्या मुलाकडे माउथगार्ड होते. ते त्याच्या पिशवीत होते. का काढून ठेवले, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, ते घालून दम घेता येत नाही. आणि पकडीत उतरलो की सुटून जिभेवर येतं."

आज मी लिहितो आहे ते या उत्तरामुळे. माउथगार्ड घ्या, असे सांगणारे बरेच भेटतील. माझे म्हणणे इतकेच की जे तोंडात टिकत नाही ते मूल काढून ठेवणारच, आणि दोष त्या मुलाचा नसतो. बॉक्सर फेरीभर दात आवळून ठेवू शकतो. कबड्डीत मात्र चढाईचे तीस सेकंद तोंड चालू ठेवावे लागते, उच्चार स्पष्ट नसेल तर पंच हटकतात. म्हणून आपल्या खेळाला दात आवळल्याशिवाय आपोआप धरून राहणारे गार्ड लागते.

घरी किंवा मंडळात ते तपासता येते. गार्ड वरच्या दातांवर बसवा आणि तोंड मोठे उघडा, ते खाली पडता कामा नये. मग जिभेने ढकलून पाहा, सहज सुटता कामा नये. त्यानंतर घड्याळ लावून तीस सेकंद 'कबड्डी, कबड्डी' म्हणायला सांगा आणि दहा पावलांवरून स्पष्ट ऐकू येते का ते पाहा. ओकारी आली तर मागची कड जास्त लांब आहे. शेवटी हलके दात मिटायला सांगा आणि विचारा, दोन्ही बाजूंचे खालचे दात एकाच वेळी टेकतात का? एकाच बाजूला टेकत असतील तर हनुवटीवरचा मार त्याच बाजूने जाईल.

दुकानात काही शे रुपयांत मिळते ते उकळून चावायचे गार्ड. त्याला मी वाईट म्हणणार नाही, नीट बसवले तर काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पण बहुतेक जण बसवतानाच चुकतात. गरम झालेला मऊ पट्टा तोंडात घातला की मूल जोर लावून चावते, आणि दातांच्या टोकांखालचा थर, जिथे उशी हवी तिथेच, कागदासारखा पातळ होतो. पाकिटावर लिहिले असेल तितके सेकंदच गरम पाण्यात ठेवा आणि तोंड भाजणार नाही इतका गार होऊ द्या. आरशासमोर मध्यावर बसवा, हलकेच चावा, ओठावरून बोटांनी बाहेरची बाजू आणि आतून जिभेने टाळूची बाजू दाबत पाणी शोषल्यासारखे आत ओढा. मग गार पाण्यात टाका. उजेडासमोर धरल्यावर चावण्याच्या जागी आरपार दिसत असेल तर ते टाकून द्या. दातांना तारा बसवलेल्या मुलांनी हा प्रकार घरी करूच नये, मऊ पट्टा तारांच्या खाचांत अडकतो.

दुसरा प्रकार मापाचा. आम्ही वरच्या दातांचे माप घेतो, प्लास्टरचा साचा करतो आणि ईव्हीए नावाच्या मऊ प्लास्टिकची पत्री तापवून यंत्राने त्यावर ओढून बसवतो. साच्यावर ताणली जाताना पत्री पातळ होते, म्हणून सुरुवातीलाच साधारण चार मिलिमीटर जाडीची घ्यावी लागते. तयार गार्ड दातांच्या पुढून सुमारे तीन मिलिमीटर आणि चावण्याच्या जागी दोन मिलिमीटर राहिले पाहिजे. टाळूच्या बाजूला एक मिलिमीटर पुरते, तिथे जाड ठेवले की बोलणे अडते. दात पांढरे करण्याचे ट्रेही याच यंत्रावर बनतात, पण ते पातळ असतात. तेव्हा डॉक्टरांना निःसंकोच विचारा, पत्री किती जाड घेतलीत? तयार गार्डची जाडी मोजायचे साधन त्यांच्या टेबलावर असते. मापाच्या गार्डचा खर्च काही हजारांपर्यंत जातो हे मला ठाऊक आहे, त्यावर खाली एक मार्ग सुचवतो.

गार्डकडून काय मिळेल तेही स्पष्ट असू द्या. पुढून बसलेला मार ते अनेक दातांवर पसरवते, ओठ आणि दात यांच्यामध्ये थर ठेवते आणि हनुवटीखालून मार आला की वरचे-खालचे दात एकमेकांवर आदळू देत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा गार्डशिवाय खेळणाऱ्यांना दात-तोंडाच्या दुखापतीचा धोका सुमारे 1.6 ते 1.9 पट आढळला. जबड्याचे हाड मोडणारच नाही, अशी हमी त्या कोपरारक्षकाच्या आईला मी देऊ शकलो नाही, पण दात वाचण्याची शक्यता बरीच होती. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यापासून गार्ड वाचवते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. डोके आदळल्यावर मूल गोंधळले असेल तर तोंडात गार्ड होते म्हणून त्याला पुन्हा मॅटवर पाठवू नका.

अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांचे दात अजून बदलत असतात. गेल्या वर्षी घट्ट बसलेले गार्ड यंदा सैल किंवा आखूड होते, म्हणून दर तीन महिन्यांनी वरच्या चाचण्या पुन्हा करा. गार पाण्याने धुऊन भोके असलेल्या डबीत ठेवा. उन्हात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या डिकीत राहिलेले गार्ड वाकडे होते आणि मग पुन्हा पिशवीतच पडून राहते.

मंडळांना माझी विनंती अशी. प्रत्येक पालकाने एकट्याने दवाखान्यात जाण्यापेक्षा मंडळाने पंधरा-वीस मुलांची यादी करून जवळच्या दंतवैद्याशी किंवा दंत महाविद्यालयाशी बोलावे. मापे एकाच दिवशी घेता येतात आणि खर्चही कमी करून मागता येतो. हंगामाच्या निदान तीन आठवडे आधी हे करा, म्हणजे सरावात गार्ड घालून बोलायची सवय होईल. स्पर्धेआधी गार्ड पंचांना दाखवून त्यांची संमती घ्या. आणि सराव सुरू करताना नखे तपासता तसे प्रत्येकाला तोंड उघडायला सांगा. ज्याचे गार्ड पडले त्याला रागावू नका, त्याचे नाव लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात ते नीट करून द्या.