भुताची भीती फक्त कागदावर

स्टोन-पेपर-सीझर खेळताना स्टोनला हरवणारं कुणी उरलंच नाही, तर दुसऱ्या डावाला खेळ संपला. प्राणी गोळा करून लढवायचे गेम याच साध्या गोष्टीवर उभे असतात. आग गवत जाळते, गवत पाणी शोषून घेतं, पाणी आग विझवतं. प्रत्येकाला भारी पडणारा कुणीतरी आहे, म्हणून तर वेगवेगळे प्राणी जमवायचे. एकच टाइप सगळ्यांना पुरून उरला की बाकीचे प्राणी वहीत चिकटवलेल्या स्टिकरइतकेच कामाचे.

म्हणूनच असा गेम बनवणारे बरेच जण सगळ्यात आधी तक्ता आखतात. हल्ला करणारा टाइप डावीकडे, झेलणारा वरच्या ओळीत आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: दुप्पट मार, नेहमीचा मार, अर्धा मार किंवा शून्य. मग प्रत्येक टाइप कुणाला तरी हरवतो आणि कुणाकडून तरी हरतो, हे मोजून झालं की बॅलन्स झाला असं समजून पुढे चित्रं काढायला घेतात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या तक्त्यावर विश्वास ठेवू नका. तक्ता फक्त वचन देतो, ते पाळायचं काम प्राण्यांचं असतं. आणि हे वचन कसं मोडतं याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

पोकेमॉनचे पहिले गेम, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये 1996 साली आले. 151 पोकेमॉन, 15 टाइप. यातला सायकिक टाइप, म्हणजे मनाच्या ताकदीने मारणारे, दोघांना घाबरणार असं ठरलं होतं: भुतं आणि किडे. कार्टून बघितलेल्यांना आठवेल, सब्रीनाशी लढायचं म्हणून अ‍ॅश खास भुताच्या शोधात जातो आणि हॉन्टरला घेऊन येतो. (तो लढण्याऐवजी तिला हसवत बसतो, ही गोष्ट वेगळी.)

प्रत्यक्ष गेममध्ये मात्र भुताच्या हल्ल्यासमोर सायकिकच्या चौकटीत दुप्पटऐवजी शून्य पडलं होतं. भुताचा वार सायकिकला लागतच नव्हता! या चुकीवर आजवर खूप हसून झालंय आणि सायकिक डोईजड झाला तो याच चुकीमुळे, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. समजा चौकटीत बरोबर आकडा असता, तरी काय झालं असतं?

त्या गेममध्ये भूत टाइपचे पोकेमॉन तीनच: गॅस्टली, हॉन्टर आणि गेंगार. तिघेही भुताबरोबर विष टाइपचेसुद्धा होते. आणि विषाला सायकिकचा मार दुप्पट बसतो. म्हणजे ज्याला पोलीस म्हणून पाठवायचं, तोच चोराच्या हातचा मार खाणार. शिवाय चौकटीतल्या आकड्याने ज्याचा जोर वाढला असता असा भुताचा वार एकच, ‘लिक’. त्याची ताकद 20. दुप्पट केली तरी 40. समोरून येणाऱ्या ‘सायकिक’ नावाच्याच वाराची ताकद 90, आणि विषामुळे ती होणार 180. शून्याचा दोन झाला असता, निकाल तोच राहिला असता.

किड्यांच्या चौकटीत तर आकडा बरोबरच होता. पण ‘लीच लाइफ’ची ताकदसुद्धा 20च. जरा बरा वार म्हणजे बीड्रिलचा ‘ट्विनीडल’, 25 ताकदीचे दोन फटके. दुप्पट धरून 100 होतात, वाईट नाही. पण बीड्रिलचा वेग 75 आणि अलाकझॅमचा 120. पहिला वार अलाकझॅम करणार, आणि बीड्रिलसुद्धा विष टाइपचाच असल्याने तो वार दुप्पट बसणार. नांगी उगारण्याआधीच गडी आडवा.

एकूण 151 पैकी 33 पोकेमॉनमध्ये विष होतं. म्हणजे सायकिकला आयती शिकार पाचातल्या एकाहून जास्त ठिकाणी तयार होती. तक्त्यात ‘सायकिक विरुद्ध विष’ ही चौकट एकच दिसते, पण मैदानात ती 33 वेळा येते. चौकटी मोजताना नेमकी ही गोष्ट निसटते.

1999 मध्ये आलेल्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये भुताची चौकट दुरुस्त झाली. पण बनवणारे तिथेच थांबले नाहीत, हे महत्त्वाचं. त्यांनी डार्क हा नवा टाइप आणला, ज्याला सायकिकचा वार लागतच नाही. आणि त्याच्या हातात ‘क्रंच’सारखा 80 ताकदीचा वारही दिला. तक्त्यात जागा, अंगात ताकद, दोन्ही एकदम.

ही झाली शत्रूच नसल्याची गोष्ट. पण प्रत्येकाला खराखुरा शत्रू असला तरी आकडे फसवतात, ते कसं? माझा एक मित्र सध्या तीन टाइपचा छोटा कार्ड गेम बनवतोय, त्याचंच उदाहरण घेते. जिंकणाऱ्याला 1 गुण, हरणाऱ्याचा 1 गुण वजा. दोघांनी एकच टाइप टाकला तर शून्य. त्याला आग जरा धमाकेदार हवी होती, म्हणून आगीने गवताला हरवलं की 2 गुण असं त्याने ठरवलं. आता सगळे आगच खेळणार, असं वाटतं ना?

पण समोरचाही विचार करतो. आगीच्या भीतीने लोक गवत टाकायचे कमी होतात. गवत कमी झालं की पाण्याला मारणारं कमी झालं. आणि आग विझवायला पाणी तर हवंच. हळूहळू हिशोब इथे येऊन थांबतो: चार डावांत दोनदा पाणी, एकदा आग, एकदा गवत. तपासून बघा. असं खेळणाऱ्यासमोर चारही डाव आग टाकली, तर पाण्याकडून दोन गुण गेले, गवताकडून दोन मिळाले, आगीसमोर शून्य. बेरीज शून्य. पाणी टाकलं तर एक मिळाला, एक गेला. गवत टाकलं तर पाण्याकडून दोन आले, आगीकडे दोन गेले. कशानेच फायदा होत नाही, म्हणून कुणी आपली सवय बदलत नाही.

म्हणजे जोर वाढवला आगीचा, आणि निम्म्या डावांत दिसू लागलं पाणी! इथे गेम बनवणारा हमखास फसतो. कोणता टाइप किती वेळा खेळला गेला याचे आकडे तो काढतो, पाणी सगळ्यात वर दिसतं आणि तो पाण्याचे पंख छाटतो. जिथून हे सुरू झालं ती चौकट मात्र तशीच राहते. तक्त्यात दुखतं एकीकडे आणि सूज दिसते दुसरीकडे.

तीनही टाइप अगदी सारख्याच वेळा खेळले गेले पाहिजेत, असा माझा हट्ट नाही. वरच्या हिशोबात पाणी निम्म्या वेळा दिसलं तरी त्याने कुणी जिंकत सुटत नाही, आणि गवत हातात ठेवण्याचं कारण शिल्लक राहतं. सायकिकपुढे तसं कारणच उरलं नव्हतं. त्यामुळे मित्राच्या तक्त्यावर मी एकच कॉलम वाढवायला लावलाय. प्रत्येक टाइपपुढे त्याला हरवणाऱ्या टाइपचं नाव लिहायचं नाही, तर प्राण्याचं नाव लिहायचं. सोबत त्याचा वार, त्या वाराची ताकद आणि पहिला फटका कुणाचा, हेही. आगीपुढे त्याने लगेच दोन प्राणी लिहिले. पाण्याच्या ओळीत अजून एकच वेल आहे, आणि तिचा वेग आम्ही ठरवतोय.