सातूचे पाणी, पानफुटी आणि मुतखडा

उन्हाळा सरत आला की मुतखड्याच्या तक्रारी वाढतात. दिवसभर रानात घाम गाळायचा आणि पाणी मात्र तहान लागली तरच प्यायचे, अशी आपल्या मंडळींची रीत. त्यामुळे लघवी थोडी व गढूळ होते, तिच्यातले क्षार एकमेकांना चिकटतात आणि खडा धरतो. मग घरोघरी दोन उपाय सांगितले जातात: सातूचे पाणी प्या आणि पाषाणभेदाची पाने चावा. या दोहोंत खरे किती, असे वाचकांनी विचारले आहे. झाडझुडपांची ओळख हा माझ्या कामाचाच भाग असल्याने आधी तिकडूनच सुरुवात करू.

पहिली अडचण अशी की पाषाणभेद नावाचे एकच झाड नाही. काष्ठौषधीच्या दुकानात पाषाणभेद म्हणून तांबूस मुळांचे जे तुकडे मिळतात, ते हिमालयाच्या अंगाला खडकांत उगवणाऱ्या झाडाचे. ते आपल्या बांधावर होत नाही. आपल्याकडे परसात ज्याला पाषाणभेद म्हणतात ती बहुधा पानफुटी. जाड, रसाळ पान. ते जमिनीवर पडले की त्याच्या कडेच्या खाचांतून नवी रोपे फुटतात. काही ठिकाणी ओव्याच्या पानालाही हेच नाव देतात. आणि परदेशात, विशेषतः ब्राझीलमध्ये, ‘दगडफोडी’ म्हणून जिचा बोलबाला आहे ती आपल्या भुईआवळीची बहीण. पावसाळ्यात पिकात तण म्हणून येणारी, चिंचेसारख्या बारीक पानांची, पानांखाली मोहरीएवढी फळे ओळीने धरणारी भुईआवळी आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हा एखाद्याने ‘पाषाणभेदाने गुण आला’ असे सांगितले, तर पहिला प्रश्न विचारावा, कोणत्या पाषाणभेदाने?

या सर्वांत माणसांवर थोडीफार नीट तपासणी झाली आहे ती भुईआवळीच्या त्या ब्राझीलमधल्या बहिणीची. तिथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत खड्याच्या ६९ रोग्यांपैकी काहींना तिची भुकटी व काहींना नुसती नकली गोळी तीन महिने दिली. ज्यांच्या लघवीत कॅल्शियम जास्त जात होते, त्यांचे ते प्रमाण भुईआवळीने उतरले. पण खडे पडण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. इटलीत २००६ साली आलेल्या दुसऱ्या तपासणीत खडा आधी यंत्राच्या धक्क्यांनी फोडला आणि मग भुईआवळीचा अर्क दिला. तेव्हा मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातला चुरा निघून जायला काहीशी मदत झाली. म्हणजे फोडायचे काम यंत्राने केले आणि झाडलोट करायला वनस्पतीने हात लावला. अखंड खडा तिने फोडला, असे यातून सिद्ध होत नाही. शिवाय आपल्या शेतात उगवते ती भुईआवळी जवळची असली तरी तीच जात नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

पानफुटीची गोष्ट वेगळी. तिचे पान सकाळी तोडले तर आंबट लागते आणि दुपारनंतर आंबटपणा कमी होतो. या झाडाची पाने रात्री आम्ल साठवतात आणि दिवसा ते वापरतात, त्यामुळे हे घडते. आंबट पानाने दगड विरघळतो ही समजूत बहुधा यातूनच आली असावी. चुनखडीवर लिंबू पिळले की फसफसते, म्हणून तसेच पोटातही होत असेल असे वाटणे साहजिक आहे. पण मुतखडा चुनखडीचा नसतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते अशा सौम्य आम्लाने विरघळत नाहीत. शिवाय खाल्लेल्या पानाचे आम्ल पचून जाते, ते तसेच खड्यापर्यंत पोचत नाही. युरिक आम्लाचे खडे तेवढे औषधाने विरघळू शकतात, पण त्यासाठी लघवीचा आंबटपणा वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे लागते.

पानफुटीच्या कुळातल्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ही झाडे खाऊन गुरे दगावल्याचे ऑस्ट्रेलियात नोंदलेले आहे. म्हणून परसातली पानफुटी गुरांच्या तोंडी लागेल अशा जागी ठेवू नये. माणसांनीही, विशेषतः हृदयविकाराची औषधे चालू असणाऱ्यांनी व गरोदर बायांनी, ती रोज चावू नये. भुईआवळीही तणनाशक फवारलेल्या रानातली कधी घेऊ नये.

आता सातू. बाजारात सालपट काढलेली बार्ली मिळते. मूठभर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम धुऊन दीड लिटर पाण्यात दाणा मऊ होईपर्यंत उकळावी, गाळून घ्यावी आणि पुन्हा पाणी घालून दीड लिटर करावे. मीठ घालू नये, कारण जास्त मिठाने लघवीतून कॅल्शियम जास्त जाते. साखरही नको. हवे तर लिंबू पिळावे. हे पाणी त्याच दिवशी संपवावे, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी ते आंबते. सातूच्या दाण्यातले काही खडा फोडते, असा माणसांवरच्या तपासणीचा भक्कम पुरावा नाही. मात्र या उपायात जे पाणी पोटात जाते, त्याचा पुरावा भक्कम आहे. इटलीत पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांना पाच वर्षे पाहिले. निम्म्यांना दिवसाकाठी दोन लिटरहून जास्त लघवी होईल इतके पाणी प्यायला सांगितले, बाकीच्यांना नेहमीसारखेच राहू दिले. भरपूर पाणी पिणाऱ्या ९९ जणांत १२ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या १०० जणांत २७ जणांना झाला. हा अहवाल १९९६ सालचा. म्हणून सातूचे पाणी आवडत असेल तर खुशाल प्यावे, पण साधे पाणीही तेच काम करते.

आता एका गावची हकीकत सांगतो, म्हणजे हे घोटाळे कसे होतात ते कळेल. माझ्या भागातल्या एका ऊस बागायतदाराला एका बाजूने कळ आली. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी ४ मिलिमीटरचा खडा दिसला. डॉक्टरांनी कळ थांबायच्या गोळ्या दिल्या व पाणी प्यायला सांगितले. त्यांनी सातूचे पाणी चालू केले, सकाळी पानफुटीची दोन पाने चावली आणि अकराव्या दिवशी खडा पडला. गावभर पानफुटीचे नाव झाले. पण ५ मिलिमीटरपर्यंतचे, मूत्रवाहिनीत उतरलेले खडे तीनांतल्या दोघांचे काही आठवड्यांत आपोआपच पडतात. पाने चावली नसती तरी बहुधा तो पडलाच असता. श्रेय द्यायचेच तर खड्याच्या लहान आकाराला द्यायला हवे.

त्यांचे पाहून त्यांच्या मेहुण्यांनी तोच उपाय केला. त्यांचा खडा १३ मिलिमीटरचा, मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडकलेला होता. एवढा खडा आपोआप पडणे फारच दुर्मिळ. तिसऱ्या आठवड्यात कळ थांबली. ‘खडा विरघळला’ असे समजून त्यांनी पुन्हा तपासणी केली नाही. आठ महिन्यांनी थकवा व सूज घेऊन दवाखान्यात गेले, तेव्हा कळले की खडा जागच्या जागी आहे आणि तुंबलेले ते मूत्रपिंड बहुतांशी कामातून गेले आहे. लघवी अडली की सुरुवातीला दाब एकदम वाढतो, म्हणून कळ येते. पुढे ते मूत्रपिंड फुगते, लघवी कमी बनवू लागते, दाब उतरतो आणि कळ थांबते. दुसरे मूत्रपिंड काम रेटत राहते, म्हणून लघवीही ठीक होते आणि रोग्याला काही जाणवत नाही. कळ थांबली म्हणजे खडा गेला, हे समीकरण म्हणूनच धोक्याचे.

तेव्हा घरगुती उपाय करायचाच असेल तर चार गोष्टी सांभाळा. पहिली, आधी खड्याचा आकार व जागा कळली पाहिजे. अहवालात ‘हायड्रोनेफ्रोसिस’ हा शब्द असेल तर मूत्रपिंड तुंबून फुगले आहे असे समजा आणि डॉक्टर सांगतील तसेच वागा. दुसरी, लघवी पातळ कापडातून गाळा. खडा सापडला तर तो तपासायला द्या, म्हणजे कोणत्या जातीचा ते कळून पुढचे पथ्य ठरते. तिसरी, खडा सापडो वा न सापडो, चार ते सहा आठवड्यांच्या आत पुन्हा तपासणी करा, कळ नसली तरीही. चौथी, पाण्याचा हिशेब प्यालेल्या पाण्यावर नको, लघवीवर ठेवा. एक दिवस घरी राहून एक लिटरची बाटली घेऊन मोजा. चोवीस तासांत दोन ते अडीच लिटर भरली पाहिजे. चैत्र-वैशाखात ऊन खाणाऱ्याला त्यासाठी चार लिटरही प्यावे लागते. थोडे निजण्यापूर्वीही प्यावे. ज्यांना हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे आणि पाणी कमी प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र हा नियम लावू नये.

दूध बंद करू नका, हेही सांगून ठेवतो. खड्यात कॅल्शियम असते म्हणून पुष्कळ जण दूध सोडतात. इटलीतच २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, कॅल्शियम कमी खाणाऱ्या ६० पुरुषांत पाच वर्षांत २३ जणांना पुन्हा खडा झाला, तर नेहमीइतके कॅल्शियम घेऊन मीठ व मांस कमी करणाऱ्या ६० जणांत १२ जणांना. जेवणातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवते, लघवीपर्यंत जाऊ देत नाही.

आणि हे घरात सर्वांना माहीत असू द्या: कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी अगदीच थांबली, उलट्यांनी पाणीही टिकेना, किंवा एकच मूत्रपिंड असलेल्या माणसाला कळ आली, तर सातू उकळत बसू नका. अडलेल्या लघवीत जंतू शिरले तर काही तासांतच जिवावर बेतते. त्याच रात्री गाडी काढा. सुश्रुतांनीही कोवळा खडा औषधाने बरा होतो आणि वाढलेल्याला शस्त्रच लागते, असे सांगून ठेवले आहे. कोणता खडा कोवळा आणि कोणता वाढलेला, हे पूर्वी अंदाजाने ठरवावे लागे. आता सोनोग्राफी ते सांगते, तेव्हा पाने तोडण्याआधी ती करून घ्यावी.