यवतमाळात हीटर कुणाला लागतो?

थर्मलच्या जर्नलमध्ये एक गणित दरवर्षी असतं. भिंतीची यू व्हॅल्यू काढा, मग वर्षाचे डिग्री-डे घेऊन खोली उबदार ठेवायला लागणारी ऊर्जा काढा. डिग्री-डे दिलेले असतात ३०००. हे गाव कुठलं, कुणी विचारत नाही. मी यंदा तेच गणित आमच्या होस्टेलच्या नऊ इंची भिंतीवर करून बघितलं.

२३० मिमी विटेचा रोध ०.२८४, दोन्हीकडच्या प्लास्टरचा मिळून ०.०३८. बेरीज ०.३२२. इथेच थांबून उलटं केलं तर यू येते ३.१, आणि निम्मी पोरं इथेच थांबतात. पण भिंतीला दोन्ही बाजूंनी हवेचा पातळ थर चिकटलेला असतो, त्याचाही रोध धरायचा. आत हवा संथ, गुणांक ८.३, म्हणून रोध ०.१२. बाहेर वारा, गुणांक २२.७, रोध ०.०४४. एकूण ०.४८६, म्हणजे यू २.०६. नुसत्या हवेने एक तृतीयांश काम केलं की राव!

आता डिग्री-डे. दिवसाचं सरासरी तापमान १८ च्या खाली जितकं, तितके त्या दिवसाचे डिग्री-डे. थंडीत पहाटे १३ आणि दुपारी २९ असेल तर सरासरी २१, म्हणजे शून्य! भले आपण पहाटे दोन चादरींत गुंडाळलेले असू. थंडीची लाट आली, ८ आणि २६ झालं, तर सरासरी १७ आणि डिग्री-डे एक. असे दहा दिवस धरू. दहा चौरस मीटर भिंतीतून २.०६ गुणिले १० गुणिले २४ गुणिले १०, म्हणजे वर्षाला सुमारे ५ युनिट. दीड हजार वॅटचा रॉड साडेतीन तासांत यापेक्षा जास्त खातो. जर्नलच्या ३००० ने हेच उत्तर १४८० युनिट येतं.

माझं म्हणणं, सूत्र राहू द्या, प्रश्न मे महिन्याचा विचारा. तिथे नुसते डिग्री-डे पुरत नाहीत, कारण त्यात ऊन येतच नाही. पश्चिमेच्या भिंतीवर चार वाजता ६०० वॅटचं ऊन धरा. मळकट रंग त्यातलं ६० टक्के शोषतो. ३६० ला बाहेरच्या २२.७ ने भागा, आले १६ अंश. म्हणजे हवा ४३ असली तरी भिंतीला ती ५९ भासते. यूच्या बेरजेत तो बाहेरचा थर जेमतेम ९ टक्के होता. इथे सगळं त्याच्यावरच फिरतं. चुना मारून शोषण ३० टक्क्यांवर आणलं तर १६ चे ८ होतात. विटेतून ही उष्णता आत यायला काही तास लागतात, म्हणून तर रात्री दहाला कॉट भिंतीपासून ओढावी लागते.

चुन्याचा खर्च किती, ते मेस सेक्रेटरीला विचारून ठेवलंय. सरांनी जर्नल सही केलं, पण ३००० खोडायला नाही म्हणाले.